व्हेस्ट झाले म्हणजे शेअर हातात आले, असं नाही

“ईसॉप मिळाले म्हणजे आपण कंपनीचे मालक झालो. चार वर्षं थांबायचं, शेअर आपोआप डीमॅटला येतात, तेही फुकट. टॅक्स फक्त विकल्यावर. आणि एकदा व्हेस्ट झाले की नोकरी सोडली तरी ते आपलेच, कुणी काढून घेऊ शकत नाही.”

सांगली-मिरजेत घरात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांसाठी काम करणारी पोरं आता खूप आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या घरात याआधी कुणी शेअर घेतलेला नाही. त्यांच्या ग्रुपांवर ईसॉपबद्दल, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना आपले शेअर घेऊ देते त्या योजनेबद्दल, वरचा मेसेज फिरतोय आणि त्यावर विसंबून लोक राजीनामे देताहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

मालकीचं आधी, थोडक्यात. ग्रँट लेटरमध्ये मिळतो तो ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क, त्यालाच ऑप्शन म्हणतात. २०१४ च्या कंपनी नियमांत स्पष्ट लिहिलंय की ऑप्शन वापरून शेअर नावावर होईपर्यंत कर्मचाऱ्याला ना लाभांश मिळतो, ना मत देता येतं. ऑप्शन दुसऱ्याला विकता येत नाही की तारणही ठेवता येत नाही. शिवाय ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग, म्हणजे तो हक्क वापरण्याजोगा होणं, यांत किमान एक वर्ष जावंच लागतं. म्हणजे अकराव्या महिन्यात नोकरी सोडणाऱ्याच्या हाती शून्य. अपवाद फार दुःखद आहेत. नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळालेले सगळे ऑप्शन लगेच वारसांकडे जातात आणि कायमचं अपंगत्व आलं तर ते त्याच दिवशी व्हेस्ट होतात. घरच्यांना ग्रँट लेटर कुठे ठेवलंय ते माहीत असू द्या.

आता “आपोआप” आणि “फुकट”. इथे आकडे घेऊनच बोलू, उदाहरण कल्पित आहे. विश्रामबागेत राहणाऱ्या एका मुलीला १ जुलै २०२२ ला २,४०० ऑप्शन मिळाले, प्रत्येकी ५० रुपये एक्सरसाइज प्राइसने, म्हणजे शेअर विकत घेण्याच्या ठरलेल्या भावाने. वर्ष पूर्ण झाल्यावर चौथा हिस्सा म्हणजे ६००, आणि पुढे ३६ महिने दर महिन्याच्या १ तारखेला ५०. तिचा नोकरीचा शेवटचा दिवस २० मे २०२५. तोवर पहिले ६०० आणि नंतरच्या २२ महिन्यांचे १,१०० असे १,७०० व्हेस्ट झाले. उरलेले ७०० त्याच दिवशी गेले.

कंपनीच्या पोर्टलवर तिला `Vested 1,700` दिसतं आणि खाली `Exercised 0`, म्हणजे वापरलेले शून्य. लोक पहिला आकडा बघून खूश होतात, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. जोवर तो शून्य आहे तोवर तिच्या डीमॅटमध्ये एकही शेअर येणार नाही, कितीही वर्षं जाऊ देत. तिने अर्ज भरायचा, १,७०० गुणिले ५० म्हणजे ८५,००० रुपये कंपनीच्या खात्यात भरायचे, मग कंपनी शेअर देते. काही योजनांत एक्सरसाइज प्राइस १ रुपया किंवा १० रुपये असते, तिथे ही रक्कम किरकोळ होते. पण पुढचा खर्च तिथेही चुकत नाही, उलट वाढतो.

तो खर्च म्हणजे टॅक्स, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. शेअर विकायच्या आधी, शेअर नावावर होतानाच पहिला टॅक्स लागतो. ऑप्शन वापरला त्या दिवशीचं शेअरचं बाजारमूल्य वजा तुम्ही भरलेली किंमत, एवढा फरक तुमचा पगार धरला जातो. कंपनी शेअर बाजारात नसेल तर हे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो. समजा, त्याने २५० रुपये ठरवलं. फरक शेअरमागे २००, एकूण ३,४०,००० रुपये. ही रक्कम सबंध २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसते असं धरलं तर सेससह २०.८ टक्के, म्हणजे ७०,७२० रुपये. नोकरी सोडलेल्या माणसाच्या पगारातून कापायला काही उरलेलं नसतं, म्हणून कंपनी हे पैसे शेअर देण्याआधीच रोख मागते. आधीचे ८५,००० धरून १,५५,७२० रुपये झाले, आणि हातात आले ते लगेच विकता न येणारे शेअर.

लगेच विकता न येणारे, कारण मार्केट यार्डात हळद नेली की सौद्यात भाव लागतो, तसं खासगी कंपनीच्या शेअरचं नसतं. गिऱ्हाईक मिळायला हवं, कंपनीच्या नियमांत विक्री बसायला हवी, नाहीतर कंपनी स्वतःच शेअर परत विकत घेईल त्या बायबॅकची किंवा आयपीओची वाट बघायची. पुढे कधी २५० च्या वर विकले तर वरच्या नफ्यावर वेगळा भांडवली नफ्याचा टॅक्स. आणि १२० ला विकावे लागले तर? तेव्हा २५० धरून भरलेला ७०,७२० रुपयांचा टॅक्स परत मिळत नाही. तो तोटा भांडवली तोटा असतो, पगारातून वजा करता येत नाही. हे वाक्य मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी दोनदा वाचावं.

“स्टार्टअपला टॅक्स पुढे ढकलता येतो” असं कुणी सांगेल. २०२० च्या अर्थसंकल्पात तशी सोय आली हे खरं. पण स्टार्टअप म्हणून नुसती नोंदणी असून भागत नाही, कर-सवलतीसाठीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते थोड्या कंपन्यांकडे असतं. शिवाय नोकरी सोडली की ढकललेला टॅक्स लगेच देय होतो. म्हणजे आपल्या या मुलीला त्याचा उपयोग नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, सगळ्यात घातक. व्हेस्ट न झालेले ऑप्शन राजीनाम्यानंतर जातात, हे नियमातच आहे. व्हेस्ट झालेल्यांसाठी नियम म्हणतो की योजनेत दिलेल्या मुदतीत ते वापरता येतील. ही मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. कुठे ३० दिवस, कुठे ९० दिवस, काही कंपन्या कित्येक वर्षं देतात. आपल्या उदाहरणात ९० दिवस धरू: २० मे पासून मोजले तर १८ ऑगस्ट. त्या तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर १,७०० च्या १,७०० ऑप्शन संपतात. कुणी काढून घेत नाही, मुदत उलटते इतकंच.

सगळं किंवा काहीच नाही, असं मात्र बहुतेक योजनांत नसतं. तिने फक्त ८०० वापरले तर ४०,००० किंमत आणि ३३,२८० टॅक्स, एकूण ७३,२८० रुपये. बुडाले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम गुंतवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ईसॉपसाठी पर्सनल लोन काढू नका. विकता न येणाऱ्या शेअरवर हप्ता दर महिन्याला भरावा लागतो.

राजीनामा टाकायच्या आधी एचआरला मेल करा, फोनवर विचारू नका. मुदत किती आणि ती राजीनाम्याच्या तारखेपासून मोजता की शेवटच्या दिवसापासून? नोटीस पिरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं का? शेवटचं मूल्यांकन किती रुपयांचं? आपल्या मुलीचा शेवटचा दिवस २० मे ऐवजी २ जून असता, आणि योजनेत नोटीस काळातलं व्हेस्टिंग मान्य असतं, तर आणखी ५० ऑप्शन तिच्या नावावर लागले असते आणि मुदतही ३१ ऑगस्टपर्यंत गेली असती.