‘कसा, किती’ या प्रश्नांनी विशेषणाचा प्रकार ठरत नाही

नाशिकच्या अभ्यासिकांमधल्या गटांवर फिरणारी युक्ती: “विशेषणाचा प्रकार ओळखणं सोपं आहे. नामाला ‘कसा?’ विचारा, उत्तर आलं तर गुणवाचक. ‘किती?’ विचारा, उत्तर आलं तर संख्यावाचक. आणि हा, तो, माझा असे शब्द दिसले की डोळे मिटून सार्वनामिक लिहा.”

सर्वांत जास्त गुण ‘किती?’मुळे जातात. ‘इतकी द्राक्षे कोण खाणार?’ या वाक्यात ‘किती द्राक्षे?’ असं विचारलं की ‘इतकी’ हे उत्तर मिळतं, आणि विद्यार्थी संख्यावाचक लिहून मोकळा होतो. पण ‘इतका’ हा शब्द ‘हा’ या सर्वनामापासून तयार झाला आहे, म्हणून ते सार्वनामिक विशेषण. ‘एवढा’चंही तसंच. ‘कसा?’ हा प्रश्नही असाच चकवतो. ‘असा पाऊस पाहिला नव्हता’ यातलं ‘असा’ त्या प्रश्नाला नीट उत्तर देतं, पण तेही ‘हा’पासूनच आलेलं आहे. प्रश्नातून शब्दाचा अर्थ कळतो. सार्वनामिक हा प्रकार मात्र शब्द कुठून आला यावर ठरतो. दोन कसोट्या वेगळ्या असल्यामुळे एकच प्रश्न दोन्हीकडे चालत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी सर्वनाम तपासायचं, मग संख्या, आणि दोन्ही नसेल तर गुण. सर्वनाम तपासायची खात्रीची रीत म्हणजे त्या शब्दाची भावंडं शोधणं: असा, तसा, जसा, कसा, असला, तसला, जसला, कसला, एवढा, तेवढा, जेवढा, केवढा, इतका, तितका, जितका. त, ज किंवा क लावून जोडीचा शब्द मिळाला की तो सार्वनामिक. ‘थोडा’ला अशी भावंडं नाहीत, म्हणून ‘थोडे दूध’ यातलं ‘थोडे’ अनिश्चित संख्यावाचकच राहतं. माझा, तुझा, आपला हे शब्द या साच्यात बसत नाहीत. ते मी, तू, आपण यांच्यापासून आले आहेत हे थेट दिसतंच.

संख्येच्या टप्प्यावरही ‘किती?’ अपुरा पडतो. ‘तिसरा घाट’ याला ‘कितवा?’ विचारावं लागतं, कारण ते क्रमवाचक आहे. ‘दुहेरी भिंत’ हे आवृत्तिवाचक, आणि ‘एकेक पायरी’ पृथक्त्ववाचक. उलट, शब्दात आकडा दडलेला असला म्हणजे विशेषण संख्यावाचक होतंच असं नाही. ‘चौकोनी खोली’ म्हणताना खोल्या मोजलेल्या नसतात, आकार सांगितलेला असतो. ते गुणवाचक.

आता ‘डोळे मिटून’ या सल्ल्याकडे वळू. ‘हा मुलगा पंचवटीत राहतो’ यातला ‘हा’ मुलगा या नामाला चिकटलेला आहे, म्हणून विशेषण. ‘हा पंचवटीत राहतो’ यात ‘हा’ ज्याला चिकटेल असं नामच नाही, ‘हा’ त्याच्या जागी आला आहे. तिथे तो सर्वनाम. ‘काही’चं तसंच: ‘काही मुले आली’ यात अनिश्चित संख्यावाचक विशेषण, ‘काही उरलं नाही’ यात सर्वनाम. नाम सापडत नसेल तर प्रकार शोधूच नये.

नाम सापडलं तरी शब्द त्याच्याविषयीच बोलतोय का, हे पाहावं लागतं. ‘ती चांगली गाते’ यात ‘चांगली’चं लिंग ‘ती’प्रमाणे बदललं आहे, त्यामुळे ते विशेषणच वाटतं. पण चांगलेपण गाण्याच्या क्रियेचं आहे, म्हणून ते क्रियाविशेषण. ‘ती चांगली गायिका आहे’ असं लिहिलं की मात्र ते गुणवाचक विशेषण होतं. नुसतं रूप पाहून हा फरक कळत नाही.

एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू: ‘एवढ्या उन्हात त्या दोन्ही भावांनी पन्नास क्विंटल लाल कांदा लासलगावला नेला.’

‘एवढ्या’ला तेवढ्या, जेवढ्या, केवढ्या ही भावंडं आहेत: सार्वनामिक. ‘त्या’ हे ‘ते’चं सामान्यरूप, पुढे ‘भावांनी’ हे नाम आहे, म्हणून तेही सार्वनामिक. ‘दोन्ही’ म्हणजे दोघांपैकी कुणीही सुटलेला नाही, हे संख्यावाचकातलं साकल्यवाचक. ‘पन्नास’ हे गणनावाचक आहे, आणि त्याचं विशेष्य विचारलं तर ‘क्विंटल’ लिहायचं. कांदे पन्नास नव्हते. ‘लाल’ला भावंडं नाहीत, मोजणीही नाही: गुणवाचक. कांदा, भाजी, मिरची, कुठलंही नाम आलं तरी ‘लाल’ बदलत नाही, म्हणून ते अविकारी.

हाच शब्द बाजारात ‘आज लालचा भाव काय?’ असा आला, तर त्याला ‘चा’ हा प्रत्यय थेट लागलेला दिसतो आणि पुढे कांदा नसतो. तिथे ‘लाल’ विशेषण नसून नामासारखा वापरलेला शब्द आहे.