गाडीवरून नका पाठवू

"सर, मला आज दादांच्या गाडीवरून नका पाठवू. मी जातो चालत."

एवढंच बोलला तो. प्रॅक्टिस संपली होती, पाऊस भुरभुरत होता, मी कोन गोळा करत होतो. (पोराचं वय, महिना, रस्ता सगळं इथं बदललंय. कोण असेल याचा अंदाज कमेंटमध्ये बांधू नका, लगेच डिलीट करीन.)

मी शिरोलीत नोकरी करतो आणि चौदा वर्षं कोल्हापुरातल्या पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. फुकट. त्या संध्याकाळी मला वाटलं, आपल्याला पोरांची नस कळते. म्हणून लगेच विचारलं, "का रे? काय केलं त्यानं? कुठं हात लावला का?" तीन प्रश्न एका दमात. पोरगं गप्प झालं, बुटाच्या नाडीकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "काय नाही सर, असंच."

पुढं एका प्रशिक्षणाला बसल्यावर कळलं की त्या तीन प्रश्नांनी मी दारच लावून घेतलं होतं. मूल एक वाक्य टाकून बघतं की समोरचा दचकतो का. आपण दचकलो की ते माघार घेतं. शिवाय "हात लावला का" हा प्रश्न उत्तर तोंडात घालतो. पुढं पोलिसांपुढं, न्यायाधीशांपुढं जबाब व्हायची वेळ आली तर वकील पहिलं हेच विचारतो, की हे पोराचे शब्द की सरांचे? म्हणायचं होतं एवढंच : "बरं झालं सांगितलंस. आज नाही पाठवत." मग थांबायचं. तो आपणहून बोलला तर "मग?" एवढंच, आणि घरी जायच्या आत त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून वहीत. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही.

खरा घोळ पुढचा. मी मंडळातल्या जाणत्यांच्या कानावर घातलं. बैठक बसली, चहा आला. सूर असा : "दादा आपलाच पोरगा आहे. सिनिअर टीमला खेळतोय. आधी त्याला बोलवू, दोघांना समोरासमोर बसवू, खरंखोटं करू, मग बघू." कुणाचा हेतू वाईट नव्हता. पेठेत भांडण असंच मिटतं, जाणता माणूस दोघांचं ऐकतो आणि निवाडा देतो. दादाला बोलावलं, विचारलं, त्यानं देवाची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं पोराला शाळेच्या वाटेवर गाठून आईच्या मोबाइलवरचे सगळे मेसेज पुसायला लावले. पोराच्या आईला आम्ही सांगितलं ते चौथ्या दिवशी. तिनं आमच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. ती थेट पोलिसांकडं गेली. मी सोबत गेलो, पण चार दिवस उशिरा.

प्रकरण कोर्टात आहे, त्यावर जास्त बोलणार नाही. चार दिवसांवर बोलतो.

2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी कुणीही असो, त्यानं पोलिसांना कळवायचं. खात्री हवी असं कुठंही लिहिलेलं नाही. कलम 21 नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखानं कळवलं नाही तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रामाणिकपणे कळवलं आणि नंतर काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. म्हणजे खरंखोटं करणं हे मंडळाचं कामच नव्हे. आम्ही तपास करायला बसलो आणि संशयिताला तयारी करायला वेळ दिला. आता आमच्याकडं चार ओळींचा कागद आहे : मुलाचे शब्द लिही, आईवडिलांना सांग (त्यांच्याबद्दलच तक्रार नसेल तर), त्याच दिवशी पोलीस स्टेशन किंवा मुलांची हेल्पलाइन 1098, आणि ज्याचं नाव आलंय त्याला मैदानावर येऊ देऊ नको, पण "का" हे त्याला सांगत बसू नको. मूल त्या क्षणी धोक्यात असेल तर 112. अध्यक्षांना कळवायचंच, पण त्यांची परवानगी घ्यायची नाही.

आता तुम्ही विचाराल, आधी काहीच दिसलं नाही का? दिसलं की. त्यानं त्या पोराला बूट घेऊन दिले होते. सगळ्यांना सोडून शेवटी त्याला सोडायचा. रात्री साडेदहाला "जेवलास का" असे मेसेज. बिब्ज, म्हणजे सरावात शर्टावर घालायची बनियनं, आणायला त्यालाच खोलीत बोलवायचा. आम्ही काय म्हणायचो? "बघा, किती जीव लावतो पोरांना!" यातलं एकही गुन्हा नाही. कुठला नियम मोडला होता म्हणून बोलायचं? नियमच नव्हता. कुणी हटकलं असतं तर थेट घाणेरडा आरोप झाला असता, म्हणून कुणी हटकलं नाही.

आचारसंहिता मला हवी ती यासाठी. "मेसेज पालकांच्या ग्रुपवरच टाकायचा" असं आधीच ठरलेलं असलं की साडेदहाच्या मेसेजवर नुसतं "भावा, ग्रुपवर टाक की" म्हणता येतं. कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडा नाही. आणि एकच माणूस तीनदा तेच करताना दिसला, तर वहीत तीन नोंदी होतात. एकेक नोंद किरकोळ असते, तिन्ही शेजारी ठेवल्या की कळतं.

नियम करायला बसलो तेव्हा सगळ्यात जास्त वाद मुलाबरोबर एकटं न राहण्यावर झाला. "आमच्यावर विश्वास नाही काय?" वस्ताद म्हणजे बाप, ही आपली रीत. मी म्हटलं, चौदा वर्षं मलाही ओळखता आलं नाही, तर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? शेवटी असं ठरलं : एकट्याला समजावायचं, ओरडायचं, तर ते मैदानातच, इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. आणि शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबणार. बाप उशिरा आला तर दोघंही फाटकाजवळ, चहाच्या गाड्याच्या उजेडात, बापाला फोन, वेळ वहीत. गाडीवरून सोडणं बंद. फारच अडलं तर पालकांना फोनवर विचारून, दुसऱ्या मुलाला सोबत घेऊन, सरळ वाटेनं.

दोन माणसं म्हटल्यावर संख्येचा प्रश्न आला. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था 9 ते 12 वयाच्या आठ मुलांमागं एक मोठा माणूस सुचवते, आणि मुलं कितीही कमी असली तरी किमान दोघं. आमच्याकडं रविवारी चौतीस पोरं, म्हणजे पाच माणसं. आम्ही होतो दोघं! मग पालकांची पाळी लावली. त्यांना फुटबॉल यायची गरज नाही, डोळे उघडे असले म्हणजे झालं. ज्या रविवारी माणसं कमी पडतात त्या रविवारी एक गट परत पाठवतो. यावरून अजून शिव्या खातो.

कपडे बदलायच्या खोलीचं कोडं जरा वेगळं. मोठ्या माणसाला आत सोडावं तर एक भीती, कुणालाच सोडू नये तर दुसरी. कारण आतमध्ये पोरंच पोरांची चड्डी ओढतात, मोबाइलवर शूटिंग करतात, जाड्या पोराला छळतात. आमची खोली एकच, आतून कडी, आणि सिनिअर टीमही तिथंच बदलायची. आता कडी काढून टाकलीय. शक्यतो पोरं घरूनच किट घालून येतात. बदलायचं असेल तर आधी बारकी, दहा मिनिटं, ती बाहेर आल्यावर सिनिअर. मुलींची वेळ स्वतंत्र, आणि तेव्हा दारात बायका. दोन पालक दाराबाहेर, आतलं ऐकू येईल इतक्या जवळ. आत जायची वेळ आली तर आधी हाक मारून, दोघांनी मिळून. आणि मोबाइल बाहेरच्या टोपलीत, सगळ्यांचे, कोचचेसुद्धा. कुणाला लागलं तर बर्फ आणि पट्टी बाहेर बाकावर.

फोटोंचं म्हणाल तर कोल्हापूरला फोटोचा भारी नाद. मॅच जिंकली की रात्रीत चौकात डिजिटल फलक. त्यावर पोराचा चेहरा, नाव, शाळा, आणि वर "रोज संध्याकाळी पाच ते सात सराव". अनोळखी माणसाला पोरापर्यंत पोचायला आणखी काय पाहिजे? आता चेहरा असेल तिथं नाव नाही, नाव असेल तिथं चेहरा नाही. शर्ट काढलेला फोटो नाही. संमती प्रवेशाच्या फॉर्मवरच घेतो, आणि आईबापानं हो म्हटलं तरी पोरानं नको म्हटलं तर नको. त्या प्रकरणात तर कुणीतरी आमचा जुना टीम फोटो, एका चेहऱ्याभोवती लाल गोल करून, ग्रुपवर फिरवला. पोक्सोचं कलम 23 पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, राहायची जागा माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. ग्रुपवरच्या माणसाला वाटत होतं, आपण माहिती देतोय.

एक पळवाट अजून उघडी आहे. 2020 च्या पोक्सो नियमांत क्रीडा अकादमींचं नाव घेऊन कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सांगितलीय. "आम्ही पगार घेत नाही, मग आम्ही कर्मचारी कसे?" असा मुद्दा आमच्यातल्याच एकानं काढला. कायद्याचा कीस वकिलांनी पाडावा, आम्ही सगळ्यांनी पडताळणी करून घेतली. पण खरं सांगतो, त्या दादाचं रेकॉर्ड कोरंच निघालं असतं. पडताळणी मागचं सांगते, पुढचं नाही.

आणि मालिशचं घोडं अजून अडलेलं आहे. मॅचमध्ये गोळा आला तर सगळ्यांसमोर पाय ताणून देतो, त्यावर कुणाची हरकत नाही. पण आमचे एक वस्ताद, सत्तरी ओलांडलेले, म्हणतात तालमीत तेल लावून मालिश झाल्याशिवाय अंग बनत नाही, आणि त्यांच्या हाताखालून पिढ्या गेल्यात. मी म्हणतो, पोरांनी एकमेकांची करावी, कुस्तीच्या हौद्याजवळ, दार उघडं ठेवून. ते म्हणतात, "पोरांना काय कळतंय शीर कुठली ते?" गेल्या बैठकीत हा मुद्दा तिसऱ्यांदा पुढं ढकलला. येत्या रविवारी परत बसतोय. तालमीत वाढलेल्या कुणाला यावर काही सांगायचं असेल तर लिहा, वाचून दाखवीन.