सोळा एमबीचे ओझे

गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी लागणारी कागदपत्रे मी सोमवारी संध्याकाळी वास्तुविशारदाच्या कार्यालयाला ईमेलने पाठवली, 'Sent' मध्ये ती दिसत असल्याची खात्री केली आणि तीन रात्री निर्धास्त झोपलो. गुरुवारी तिथल्या बाईंचा फोन आला. चोवीस बिऱ्हाडांपैकी फक्त तुमचेच कागद आलेले नाहीत, असे त्यांनी सांगितले, आणि 'फक्त तुमचेच' हे शब्द पुन्हा एकदा उच्चारले.

'Sent' मध्ये पत्र दिसणे म्हणजे ते पेटीत पडणे. पोहोचणे नव्हे, हे मला तेव्हा कळले. शोधाशोध केल्यावर सोमवारच्याच रात्री 'Mail Delivery Subsystem' या नावाने आलेले एक इंग्रजी पत्र सापडले, जे मी जाहिरात समजून न उघडता सोडले होते. भल्यामोठ्या मजकुराच्या तळाशी खरी ओळ होती:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

सुरुवातीचा 5 म्हणजे कायमचा नकार. तेच पत्र तसेच पुन्हा पाठवून काही उपयोग नाही. 4 असता तर अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. 5.3.4 म्हणजे पत्र त्या यंत्रणेला पेलवत नाही. समोरच्याची पेटी भरली असती तर तिथे 5.2.2 दिसले असते. एवढे सगळे त्या एका ओळीत लिहिलेले असताना पत्राच्या वरच्या भागात नुसती दिलगिरी का भरतात, हे मला अजून समजलेले नाही.

बाईंना विचारले, तर त्यांची मर्यादा २० एमबी निघाली. माझी फाइल १६ एमबीची होती. सोळा वीसपेक्षा कमी असतात, अशी माझी शाळेपासूनची समजूत असल्यामुळे मी तणतणत ज्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतले होते तिथे गेलो.

दुकानदार काही बोलायच्या आत आधार कार्डाची प्रत काढायला आलेले एक काका वळले. "दुपारी पाठवली असेल तुम्ही," ते म्हणाले.

"संध्याकाळी पाठवली."

"तेच ते. त्या वेळी सगळी ऑफिसे सुटतात, लाइनवर गर्दी असते. चर्चगेटहून सहाच्या लोकलमध्ये बॅग घेऊन शिरून पाहा. रात्री अकरानंतर पाठवा, सुळकन जाते."

"काका, नकार आकारामुळे आला आहे."

"मग झिप करा. आमचा जावई सगळे झिपच करतो."

काकांच्या समाधानासाठी दुकानदाराने झिप केले आणि १६ चे १५.८ झाले. स्कॅन केलेली पाने मुळातच दाबून भरलेल्या चित्रांची असतात; ती आणखी दाबली जात नाहीत. काकांनी मात्र, "बघा, उतरले की नाही?" असे म्हणून दुकानातल्या चौघांकडे पाहिले. मग त्यांनी पोस्टात जड पाकिटाला दुप्पट टपालखर्च लावत त्याची हकिकत सुरू केली, आणि त्यांच्या आधार कार्डाची प्रत तयार होऊन दहा मिनिटे झाली तरी ती संपली नाही.

वजन मात्र खरोखरच वाटेत वाढले होते. ईमेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी बांधलेली असल्यामुळे जोडलेली फाइल आधी अक्षरांत रूपांतरित होते, आणि त्यात प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात. सोळाचे चार-तृतीयांश म्हणजे २१.३, ओळी तोडण्याचा खर्च धरला की जवळपास २२. मर्यादा मोजली जाते ती या फुगलेल्या पत्राची. म्हणून २० एमबीच्या मर्यादेत फाइल १४ च्या आसपासच बसते, ही गोष्ट मर्यादा सांगणाऱ्याने सांगायला काय हरकत होती?

शेवटी फाइल ड्राइव्हवर चढवली आणि पत्रात नुसती लिंक पाठवली. पत्र काही केबींचेच झाले. शुक्रवारी बाईंचा पुन्हा फोन: "तुमची लिंक परवानगी मागते आहे." नवी फाइल 'Restricted' असते, म्हणजे मी नाव घातलेल्यांनाच दिसते, आणि मी कोणाचेच नाव घातले नव्हते. 'Anyone with the link' केले असते तर काम झटकन झाले असते, पण त्या फाइलमध्ये माझे पॅन कार्ड होते आणि लिंक पुढे कोण कोणाला पाठवील याचा नेम नाही. म्हणून बाईंचा कार्यालयीन पत्ता घालून 'Viewer' एवढाच अधिकार दिला, त्यांनी फाइल उतरवून घेतल्याचे कळवल्यावर तो काढून घेतला, आणि या सगळ्यात शुक्रवारची रजा गेली.

शनिवारी ते काका जिन्याखालीच भेटले. गेली का, असे त्यांनी विचारले. गेली म्हटल्यावर लिंक कधी पाठवली होती, हेही विचारले. मी प्रामाणिकपणे, गुरुवारी रात्री सव्वाअकराला, असे सांगून बसलो.

"मी काय म्हणालो होतो?" काका म्हणाले.