आषाढ सेल पुढे ढकलताना घ्यावयाची काळजी

मेन रोडवर तुमचं साडीचं दुकान आहे, शुक्रवारपासून आषाढ सेलची जाहिरात झाली आहे आणि सुरतच्या गाठी अजून आल्या नाहीत. घाबरू नका. माफीची पाटी नीट लिहिली तर माल न येण्यातही अब्रू राखता येते.

सुरुवात 'काही अपरिहार्य कारणामुळे' अशीच करा. खरं कारण सांगितलं की गिऱ्हाईक त्यावर विचार करतं, आणि विचार करणारं गिऱ्हाईक सेलला काय कामाचं? कारण द्यायचीच हौस असेल तर पावसावर ढकला, पण पूर म्हणण्याआधी गोदाघाटावर चक्कर मारून या. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आणि तुमच्या पाटीवर महापूर, हे नाशकात चालत नाही. सापुताऱ्याचा घाट बरा. तिथे बघायला कोणी जात नाही.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. सुरत-नाशिक अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मालाच्या ई-वे बिलाची मुदत दोन दिवस. गाडी अडकली तर ट्रान्सपोर्टवाला ती वाढवून घेतो आणि तेव्हा सरकारला कारण द्यावंच लागतं: नैसर्गिक आपत्ती, अपघात, दुसऱ्या गाडीत माल भरला, काहीतरी एक. तुमची गाडी कुठे आणि का थांबली हे एका फोनवर कळतं. सरकारला कारण, गिऱ्हाईकाला अपरिहार्य.

आता नवी तारीख. ट्रान्सपोर्टवाला 'उद्या पोचते शेठ' म्हणाला की लगेच 'परवापासून सेल' असं छापून टाका. समजा गाठी शनिवारी रात्री आडगावच्या गोडाऊनला उतरल्या. रविवारी गोडाऊन बंद. सोमवारी बिल्टी दाखवून, हमाली देऊन टेम्पो दुकानात. मग गाठी फोडा, बिलाशी नग ताडून बघा, डाग लागलेल्या आणि भिजलेल्या साड्या बाजूला काढा, उरलेल्यांना किमतीची चिठ्ठी लावा. यात दोन दिवस सहज जातात, म्हणजे खरा सेल गुरुवारी. पण गुरुवार लिहिण्यात काय मजा? सोमवार लिहा. सिन्नरहून, दिंडोरीहून एसटीने आलेल्या बायका गाठी फोडण्याचा कार्यक्रम तरी बघतील. दुसऱ्यांदा माफी मागायची संधी मिळते ती वेगळीच.

कूपनचा विषय काढू नका. 'शुक्रवार ते रविवार वैध' असं छापलेली कूपनं नव्या तारखेला चालतील का, हे पाटीवर लिहिलं तर लोक ती घेऊन येतील. ज्यांनी साडी बाजूला ठेवायला आगाऊ पैसे दिले, त्यांनाही परत मागता येतील असं सुचवू नका. कोणी विचारलंच तर 'मालक बाहेर गेलेत' हे वाक्य पोरांकडून पाठ करून घ्या.

खरा धोका या सगळ्यात नाही. तो आहे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाटी शेवटपर्यंत वाचणाऱ्या काकूंमध्ये.

"आषाढात लग्नं नसतात, म्हणून जुना माल काढायला सेल लावता ना?"

"हो काकू. स्टॉक क्लिअरन्स."

"मग जुना माल सुरतेहून यायचाय?"

याला उत्तर नाही. माल न आल्यामुळे क्लिअरन्स पुढे ढकलला, असं लिहिलं की सेलसाठी स्वस्तातला माल वेगळा मागवला होता, हे तुम्हीच सहीशिक्क्यानिशी जाहीर करता. तसा माल मागवण्यात गुन्हा नाही. 'सेलसाठी खास मागवलेल्या साड्या' एवढं लिहिलं असतं तर काकूंनी हूं केलं असतं. पण मग 'मूळ किंमत' खोडून दाखवायची सोय उरत नाही, ती साडी मूळ किमतीला कधी विकलीच नव्हती. तेव्हा न लिहिलेलंच बरं. शिवाय 2022 पासून फसव्या जाहिरातींची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सवलतीचं आमिष दाखवायचं तर तेवढा माल पुरवता येईल अशी वाजवी शक्यता हवी, आणि कमी पडणार असेल तर तसं जाहिरातीतच स्पष्ट सांगायचं, असं ती म्हणतात. 'स्टॉक असेपर्यंत' हे शब्द तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात घालून तुम्ही ते आपल्या परीने पाळताच.

दिव्याची अमावास्या मात्र ओलांडू नका, असं जुने दुकानदार सांगतील. श्रावण लागला की मंगळागौर, मग गौरी-गणपती. तेव्हा साडी पूर्ण किमतीला जाते. त्यामुळे आषाढ सेल श्रावणात ढकलला की गिऱ्हाईकाला वाटतं, सुरतेचा माल मुद्दामच रेंगाळला. अशी शंका यायला नको असेल तर एक साधा उपाय आहे: जो माल दुकानात आहे त्यावर ठरलेल्या शुक्रवारीच सवलत सुरू करायची आणि गाठीतला माल आला की त्यात भर घालायची. पण मग माफीच मागावी लागत नाही आणि छापून आणलेली पाटी वाया जाते.

ती ठेवून द्या. दिवाळीला 'आषाढ'वर चिठ्ठी चिकटवली की काम भागतं.