वर्गमर्यादा ‘मनाने’ ठरवल्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

लोकसंख्येच्या घनतेनुसार विभागांना पाच रंग देणाऱ्या नकाशावर मी लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

*“नकाशातल्या ३०, ६०, १५०, ५०० या मर्यादा तुम्ही मनाने ठरवलेल्या दिसतात. त्याच आकड्यांवर नॅचरल ब्रेक्स लावले तर जीव्हीएफ ०.९९८ येतो. तुमच्या मर्यादांचा मी काढला, तो ०.७९ आला. सॉफ्टवेअर गणिताने सर्वोत्तम उत्तर देत असताना ते बाजूला ठेवून सोयीच्या मर्यादा घेणं म्हणजे नकाशाला आपल्याला हवं ते बोलायला लावणं नाही का?”*

आकडेमोड करून आक्षेप घेतलात, त्यामुळे उत्तरही आकड्यांतच देतो. जीव्हीएफ म्हणजे एका वर्गात आलेले आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते सांगणारा गुणांक, १ म्हणजे सर्वोत्तम. तुमचे दोन्ही जीव्हीएफ बरोबर आहेत. मला फक्त तिसरा एक आकडा त्यांच्या शेजारी ठेवायचा आहे.

लेखातला संच समजावण्यासाठी रचलेला होता. २० विभाग आणि प्रत्येकाची लोकसंख्येची घनता, दर चौरस किलोमीटरला इतके लोक. चढत्या क्रमाने तो असा आहे: १२, १५, १८, २१, २२, २६, ३१, ३५, ३८, ४४, ५२, ५८, ७१, ८५, ११०, १४०, २१०, ३९०, ८८०, २४१२.

यावर इक्वल इंटरव्हलने पाच वर्ग पाडून बघा. १२ ते २४१२ हा पल्ला २४०० चा, म्हणजे प्रत्येक वर्ग ४८० रुंद. पहिला वर्ग ४९२ ला संपतो आणि त्यात २० पैकी १८ विभाग जाऊन बसतात. दुसऱ्यात एकटा ८८०, तिसरा आणि चौथा रिकामे, पाचव्यात एकटा २४१२. नकाशा जवळजवळ एकरंगी होतो आणि लेजंडमधले दोन रंग नकाशावर कुठेच दिसत नाहीत. हा नकाशा कोणीही छापणार नाही, तुम्हीही नाही. त्याचा जीव्हीएफ किती? ०.९७४.

म्हणजे जीव्हीएफ हाच निकष धरला तर हा एकरंगी नकाशा माझ्या नकाशापेक्षा बराच सरस ठरतो. प्रत्येक वर्गात सारखेच विभाग घालणाऱ्या क्वांटाइल पद्धतीचा आकडा तर ०.४८ वर येतो. मग प्रश्न माझ्या मर्यादांपुरता उरत नाही. हा निकष इथे नेमकं काय मोजतोय, ते आधी पाहायला हवं.

जीव्हीएफ काढताना प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घेऊन त्याचा वर्ग करतात, म्हणजे त्याला त्यानेच गुणतात, आणि बेरीज करतात. ही झाली एकूण विचलनाची बेरीज. मग तशीच बेरीज प्रत्येक गटाच्या आत, त्या गटाच्या सरासरीपासून काढतात. दुसरी बेरीज पहिलीच्या मानाने जितकी लहान, तितका जीव्हीएफ १ च्या जवळ. आपल्या संचाची सरासरी २३३.५ आहे. एकट्या २४१२ चं तिच्यापासूनचं अंतर २१७८.५, आणि त्याचा वर्ग एकूण बेरजेच्या ८२ टक्क्यांहून जास्त भरतो. उरलेले १९ विभाग मिळून १८ टक्केसुद्धा नाहीत. त्यामुळे ज्या पद्धतीत २४१२ वेगळा पडतो, तिला मोठे गुण आपोआप मिळतात, मग बाकीच्यांचं काहीही होवो. इक्वल इंटरव्हलला ०.९७ मिळाले ते यामुळे. क्वांटाइलने २४१२ ला २१०, ३९० आणि ८८० च्या गटात टाकलं, म्हणून ती आपटली.

आता नॅचरल ब्रेक्सकडे येऊ. जॉर्ज जेंक्सच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत गटांच्या आतली तीच बेरीज कमीत कमी करणाऱ्या मर्यादा शोधते. म्हणून तिच्या पाच वर्गांना सर्वाधिक जीव्हीएफ मिळणं हे व्याख्येतच आलं. त्याने पद्धत जिंकली असं सिद्ध होत नाही. आपल्या संचात ती असे गट पाडते: १२ ते ८५, ११० ते २१०, मग ३९० एकटा, ८८० एकटा, २४१२ एकटा. पाचपैकी तीन रंग तीन विभागांवर खर्च झाले आणि १४ विभाग एकाच फिक्या रंगात गेले. त्या १४ मध्ये १२ पण आहे आणि ८५ पण, म्हणजे सातपट दाट असलेला विभाग वाचकाला सारखाच दिसणार.

वर्ग वाढवून हे सुटेल असं वाटतं, म्हणून तेही करून बघू. सहा वर्ग मागितले तर पद्धत १२ ते ५८ आणि ७१ ते १४० असे दोन गट करते आणि २१० लाही एकटं पाडते. आता एकेकटे चार विभाग आणि सर्वांत फिक्या रंगात अजूनही १२ विभाग. नवा रंग मिळाला की त्याचा वाटा पुन्हा शेपटीतल्या मोठ्या आकड्यांनाच जातो. हे अल्गोरिदमचं चुकणं नव्हे. आपण त्याला वजाबाकीतला फरक दिलाय आणि तो तोच इमानदारीने कमी करतोय. त्याच्या लेखी १२ आणि ८५ मधलं अंतर ७३, आणि १४० व २१० मधलं ७०. दोन्ही जवळपास सारखेच.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. घनतेच्या बाबतीत हे दोन फरक सारखे आहेत का? १२ चा विभाग म्हणजे विरळ वस्ती, दूरदूर विखुरलेली घरं. ८५ चा विभाग राहायला, फिरायला, रस्ता न्यायला वेगळाच असतो. १४० आणि २१० मात्र एकाच जातकुळीतले. घनता पटीत वाचली जाते, म्हणून आधी पट्टी बदलायची आणि मग पद्धत लावायची. प्रत्येक आकड्याचा लॉग घेतला की वजाबाकी आपोआप पटीची होते.

```python
import numpy as np, mapclassify as mc
y = np.array([12,15,18,21,22,26,31,35,38,44,
              52,58,71,85,110,140,210,390,880,2412])
c = mc.FisherJenks(np.log10(y), k=5)
print(10 ** c.bins)
```

उत्तरात वर्गांच्या वरच्या टोकांचे आकडे मिळतात: २६, ५८, १४०, ३९०, २४१२. विभागांची वाटणी ६, ६, ४, २, २. म्हणजे मी नॅचरल ब्रेक्स बाजूला ठेवलेले नाहीत, तेच वापरलेत, फक्त लॉगच्या पट्टीवर. नंतर २६ आणि ३१ च्या मधल्या मोकळ्या जागेत ३० ठेवला, ५८ आणि ७१ च्या मध्ये ६०, १४० आणि २१० च्या मध्ये १५०, ३९० आणि ८८० च्या मध्ये ५००. या गोल आकड्यांमुळे एकाही विभागाचा रंग बदललेला नाही. लेजंड वाचायला सोपा झाला, एवढंच.

लॉगच्या पट्टीवर जीव्हीएफ काढला तर या वर्गांचा ०.९५५ येतो. तुमच्या ०.९९८ वाल्या वर्गांचा तिथे ०.८७, क्वांटाइलचा ०.८९ आणि इक्वल इंटरव्हलचा ०.५९. क्रम बदलला. पण यावरून “बघा, माझाच जिंकला” असं मी म्हणणार नाही, कारण लॉगच्या पट्टीवर जिंकण्यासाठीच ते वर्ग काढलेत. जीव्हीएफ एकाच पट्टीवरच्या पर्यायांची तुलना करू शकतो. पट्टी कोणती घ्यायची हे तो सांगू शकत नाही. ते विषय जाणून आपल्यालाच ठरवावं लागतं.

क्वांटाइल मी का घेतली नाही, हेही सांगतो, कारण विषम संचावर ती पहिल्या नजरेला सर्वांत देखणी दिसते. प्रत्येक रंगाला चार-चार विभाग, नकाशा भरलेला. पण तिने २१ आणि २२ च्या मधून रेघ ओढलीय. शेजारी असतील तर हे दोन विभाग वेगळ्या रंगात दिसतील आणि वाचक तिथे नसलेली सीमा शोधत बसेल. उलट सर्वांत गडद रंगात २१० आणि २४१२ एकत्र, अकरापटीहून जास्त फरक असून. “वरचे एक पंचमांश विभाग कोणते” एवढंच दाखवायचं असेल तर क्वांटाइल चोख काम करते, पण मग लेजंडमध्येही तसंच लिहावं.

आता सोयीच्या मर्यादांबद्दल. हा संशय घ्यायलाच हवा, आणि तो तपासायचा मार्गही आहे. प्रत्येक मर्यादा थोडी सरकवायची आणि किती विभागांचा रंग बदलतो ते मोजायचं. माझी १५० ची मर्यादा १४१ वर आणा किंवा २१० पर्यंत न्या, नकाशा तोच राहतो. ५०० ला तर ३९१ पासून ८८० पर्यंत मोकळं रान आहे. सर्वांत कच्ची मर्यादा ३० ची. तिच्या एका बाजूला २६ आणि दुसऱ्या बाजूला ३१, मध्ये जेमतेम पाचाचं अंतर. ती २५ केली तर २६ चा विभाग वरच्या वर्गात जातो, ३५ केली तर ३१ चा खाली येतो. म्हणून पहिल्या दोन रंगांमधल्या सीमेवर कोणी मोठा निष्कर्ष उभा करू नये, आणि लेखात मीही तो केलेला नाही. लेजंडच्या शेजारी विसाही आकडे ठिपक्यांनी एका रेषेवर मांडले आणि त्यावर मर्यादा आखल्या, तर हे वाचकाला स्वतःच दिसतं. अशा संचासोबत मी तरी ती ठिपक्यांची रेषा कायम देतो.

लॉग सगळीकडे चालतो असं मात्र समजू नका. शून्याचा लॉग निघत नाही. संचात शून्य असलेले विभाग असतील तर त्यांना “एकही नाही” असा स्वतंत्र वर्ग आणि तटस्थ रंग द्यावा. शून्याला ०.१ वगैरे धरून गाडी पुढे ढकलली तर त्या मनाने घातलेल्या आकड्यावरच सगळ्या मर्यादा हलतात. शिवाय जिथे खरोखर वजाबाकीचाच फरक महत्त्वाचा आहे, तापमानासारखं काही, तिथे पट काढण्याला अर्थच नाही. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर नॅचरल ब्रेक्स कोणत्याही पट्टीवर दर वर्षी वेगळ्या मर्यादा देतील आणि तुलना मोडेल. तिथे दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र करून एकदाच मर्यादा काढाव्यात आणि दोन्ही नकाशांना त्याच लावाव्यात.

तुमच्या ०.९९८ मागची एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. २४१२ चा विभाग ८८० च्या रंगात दडू नये. दोघांत पावणेतीन पट फरक आहे आणि माझ्या नकाशात ते एकाच वर्गात आहेत. पण त्यासाठी अख्खा रंग खर्च करण्याऐवजी त्या विभागावर २४१२ हा आकडाच छापलेला मला जास्त पसंत आहे. नकाशात तो तसा छापलेला आहे, लहान पडद्यावर बघत असाल तर थोडं मोठं करून पाहा.