‘वकिलानं लिहून दिल्यासारखी कॅप्शन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

परीक्षेच्या ताणावर मुलांसाठी कार्यशाळा घेतेय, तिच्या पोस्टच्या कॅप्शनमध्ये ‘हा उपचार नाही’ असं लिहिलं होतं. त्यावर एका पालकांची ही प्रतिक्रिया आली:

“ताई, ‘हा उपचार नाही’ हे लिहायची काय गरज होती? वकिलानं लिहून दिल्यासारखी कॅप्शन झालीय. ताण जाणारच नसेल तर मुलं पाठवायची कशाला? शिवाय लांबलचक, आणि फीसुद्धा नाही लिहिलेली.”

कॅप्शन लांब आहे, मान्य. फोनवर दोन-तीन ओळींनंतर मजकूर झाकला जातो, म्हणून तारीख आणि ठिकाण आता वर घेतलंय. फी नोंदणीच्या फॉर्मवर आहे.

पण ‘वकिलानं लिहून दिल्यासारखी’ हे बोलणं मला लागलं. शाळेत समुपदेशक म्हणून माझी कित्येक वर्षं दहावी-बारावीच्या मुलांसमोर बसण्यात गेलीत. ते एक वाक्य मी कुणाला घाबरून लिहिलेलं नाही.

एक आई मुलीला घेऊन आली होती. आधी कुठल्याशा शिबिराला जाऊन आलेल्या, ‘दोन तासांत ताणमुक्त’ अशी जाहिरात होती त्याची. मुलगी मला म्हणाली, “बाकीच्यांचं गेलं मॅडम, माझंच नाही गेलं. माझ्यातच काहीतरी खोट आहे.” महिनाभर तिला धड झोप नव्हती, सराव परीक्षेला हात थरथरायचे. तिला डॉक्टरांची गरज होती, आणि शिबिरानंतरचे आठवडे ती स्वतःलाच दोष देत बसली. खोट्या हमीचा भार असा मुलांवर पडतो. तुम्ही हे जवळून पाहिलं असतंत तर असं लिहिलं नसतंत.

माझ्या कार्यशाळेत पंधरा मुलं, दोन तास, आधी कुणाशीही स्वतंत्र बोलणं नाही. एवढ्यात कुणाचा ताण नेहमीचा आणि कुणाचा आजाराकडे झुकलेला, हे मला कळत नाही. म्हणून ‘ताण जाईल’ न म्हणता तिथे काय होणार तेच लिहिलं: ‘उजळणीचं वेळापत्रक, झोप आणि पेपर हातात आल्यावरची धडधड यांवर बोलू. श्वासाचा एक सराव करून पाहू.’ यात पाळता येणार नाही असं काहीच नाही. ‘तुमचं बोलणं गुप्त राहील’ हेही मुद्दाम टाळलं. मी माझ्यापुरता शब्द देऊ शकते, बाकीच्या चौदा जणांच्या वतीनं कसा देणार? आणि जिवाला धोका दिसला तर मलाही घरच्यांना सांगावंच लागतं. त्यामुळे ओळ अशी आहे: ‘इथलं बोलणं बाहेर न नेण्याचा नियम सुरुवातीलाच सगळे मिळून ठरवू.’

‘उपचार नाही’च्या लगेच खालची ओळ तुम्ही वाचलीच नाही, असं दिसतं: ‘झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर कार्यशाळेची वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा.’ हा सरकारी फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येतं. वरचं वाक्य काढलं तर ही ओळ कुणासाठी आहे हेच पालकांना कळणार नाही.

मुलं का पाठवायची, तर सरावासाठी आणि सोबतीसाठी. एवढं पुरेसं वाटत नसेल तर नका पाठवू, माझा आग्रह नाही. दुसरं नेमकं वाक्य सुचत असेल तर जरूर कळवा. हमीचं मात्र मी लिहिणार नाही.