स्लॅब टाकायचाय? मग सळ्यांकडे बघू नका

स्लॅबच्या दिवशी मिक्सर आला, माणसं आली, नारळ आला, की सळ्यांकडे मान वळवायची नाही. मिस्त्री "एक नंबर माल आहे साहेब" म्हणाला ना, मग वाकून बघणं म्हणजे त्याचा अपमान.

अगदीच राहवलं नाही तर गंज लांबूनच बघा. जवळ जाऊन फडक्याने पुसलंत, तांबूस भुकटी निघाली आणि खाली रिब, म्हणजे सळईवरच्या उठावदार रेघा, शाबूत दिसल्या, तर एवढ्याशा गंजाने काही बिघडत नाही हे कळून भांडणाची मजा जाईल. उलट तारेच्या ब्रशखाली पापुद्रे सुटून खड्डे दिसले, तर माल परत पाठवावा लागेल. त्यापेक्षा वरून सेंट्रिंगचं तेल मारू द्या. सळई झकास चकाकते. तेलकट सळईला काँक्रीट धरत नाही, पण ते फोटोत कुठे दिसतं?

12 मीटरच्या सळ्या मधोमध दुमडून येतात आणि साइटवर पाइप घालून सरळ होतात. त्या जागी बोट फिरवू नका. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रिबच्या मुळाशी, केसासारखी चीर हाताला लागली तर तेवढा तुकडा कापावा लागेल, आणि भंगार बघून ठेकेदाराचं तोंड उतरेल.

सळईवर दर थोड्या अंतराने कंपनीचं नाव आणि 500D सारखी ग्रेड उठवलेली असते. ती वाचायला चष्मा काढू नका. ओळखीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं दिसेल. बंडलाचा टॅग तर कधीच चहाच्या चुलीत गेलेला बरा, म्हणजे त्यावरचा हीट नंबर, पोलादाच्या त्या खेपेचा क्रमांक, चाचणी दाखल्याशी जुळवायला नको.

आणि सर्वात वाईट खोड म्हणजे वजन करणं. 10 मिमीच्या सळईचा बरोबर एक मीटर तुकडा कापून वाण्याच्या काट्यावर ठेवायचा. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 617 ग्रॅम भरायला हवा. सळ्यांचं भारतीय मानक आयएस 1786 हे या जाडीच्या एका नमुन्याला 8 टक्के तूट माफ करतं, म्हणजे साधारण 568 पर्यंत चालेल. काटा 550 दाखवू लागला तर? दाखवू द्या. बिलात काही खोट निघणार नाही, कारण लोखंड किलोवर घेतलंय आणि तेवढ्याच किलोत सळ्या जास्त आल्यात. नकाशात मात्र सळ्यांमधलं अंतर लिहिलेलं असतं, म्हणून फिटर मोजून तेवढ्याच सळ्या बांधेल. प्रत्येक सळईत 11 टक्के लोखंड कमी, आणि काम संपल्यावर कोपऱ्यात उरलेला ढीग. तो दाखवत मिस्त्री अभिमानाने म्हणेल, "बघा साहेब, किती लोखंड वाचवलं तुमचं!"